होम लोनची घरगुती शीट, आठ महिने वापरून

बँकेच्या ॲपमधला कॅल्क्युलेटर मला कधीच पटला नाही, आकडा देतो पण का ते सांगत नाही. म्हणून प्रीपेमेंट करायच्या आधी एक्सेलमध्ये स्वतःच शीट बनवली आणि आता आठ महिने दर महिन्याला स्टेटमेंट घेऊन तिच्याशी ताडून बघतोय.

माझं लोन 30 लाखांचं, 20 वर्षं, 8.5 टक्के फ्लोटिंग, हप्ता 26,035. तीन वर्षं म्हणजे 36 हप्ते भरून झाले तेव्हा शिल्लक बघितली तर 28,04,580. नऊ लाखांच्या वर पैसे गेले आणि मुद्दल दोन लाखसुद्धा कमी झालं नाही, बायको म्हणाली बँक चुकलीय. चुकली नव्हती. त्या वेळी महिन्याचं व्याजच 19,866 होत होतं, मुद्दलात जायचे फक्त सहा हजार.

मग हातात तीन लाख आले. शीटमध्ये प्रत्येक हप्त्याची एक ओळ आहे, व्याज, मुद्दल, शिल्लक. तीन लाख भरले की शिल्लक 25,04,580 होणार, तर खाली सरकत जाऊन एवढी शिल्लक मुळात कधी आली असती ते शोधलं. ती होती 78 व्या हप्त्याच्या आसपास! म्हणजे 36 वरून उडी मारून थेट 78 वर, मधले 42 हप्ते गायब. 42 गुणिले 26,035 म्हणजे 10 लाख 93 हजार, त्यातले तीन लाख आपण भरलेच, उरलेलं सगळं व्याज होतं जे आता द्यावं लागणार नाही, शेवटचा छोटा हप्ता धरून साधारण 7 लाख 90 हजार. माझ्या डोक्यात हा हिशोब असा ओळी बघूनच बसला, फॉर्म्युल्याने नाही.

फॉर्म्युला हवा असेल तर एका सेलमध्ये हे टाका:

```
=NPER(8.5%/12, -26035, 2504580)
```

उत्तर 162.06 येतं, म्हणजे 162 हप्ते आणि एक चिल्लर हप्ता. आधी 204 बाकी होते. हप्त्यापुढचं उणे चिन्ह विसरलात तर उणे 73 असलं काहीतरी येतं, मी पहिल्यांदा तेच बघून अर्धा तास डोकं खाजवत बसलो होतो.

आता खरी गंमत. पैसे भरले 17 तारखेला, दोन दिवसांनी मेसेज आला की तुमचा नवीन हप्ता 23,250. आधी आनंदच झाला! शीट उघडली तर मुदत जिथल्या तिथे, 204 च हप्ते. ब्रांचवाल्यांनी मुदत कमी करायच्या ऐवजी हप्ता कमी करून टाकला होता. तसं ठेवलं असतं तर व्याज वाचलं असतं फक्त 2 लाख 68 हजार. अर्थात दर महिन्याला 2,785 हातात राहतात, ज्यांना घर चालवायला ते लागतात त्यांच्यासाठी ते ठीकच आहे, पण मला ते नको होतं. ब्रांचमध्ये जाऊन लेखी अर्ज दिला, "हप्ता तोच ठेवून मुदत कमी करा" असं स्पष्ट लिहून, आणि पुढच्या 5 तारखेच्या हप्त्याआधी दुरुस्त झालं. तर तुम्हीही भरल्यावर दोन गोष्टी बघा, हप्ता तोच आहे का आणि बाकी हप्ते कमी झालेत का.

पहिल्याच महिन्यात शीट आणि स्टेटमेंट जुळलं नाही, बँकेचं व्याज आठशेच्या वर जास्त. मग कळलं, हप्ता 5 ला जातो आणि मी भरले 17 ला, मधले 12 दिवस तीन लाखांवर व्याज चालूच होतं. पुढच्या वेळी हप्ता गेला की दुसऱ्या दिवशीच भरणार.

कमतरता म्हणाल तर शीट दर बदलला की खोटी पडते. 8.75 टाकून बघितलं तर 162 चे 166 च्या वर जातात, म्हणून दराचा सेल वेगळा ठेवलाय आणि बँकेचा मेसेज आला की बदलतो. प्रीपेमेंटचा चार्ज मात्र शीटमध्ये घालायची गरज पडली नाही, माझ्यासारखं फ्लोटिंग दराचं वैयक्तिक होम लोन असेल तर बँकेला तो लावता येत नाही.

आणि 7 लाख 90 हजार ऐकून हुरळू नका, हे पैसे आज मिळत नाहीत, शेवटच्या साडेतीन वर्षांत हप्ते नसतील तेव्हा वाचणार. खरं तर तीन लाखांवर 8.5 टक्के मिळाल्यासारखंच आहे ते, तेवढ्याची एफडी टॅक्स कापून मला कुठे दिसली नाही म्हणून मी भरले. सहा महिन्यांच्या खर्चाचे पैसे मात्र बाजूला ठेवून, कारण लोनमध्ये गेलेला पैसा सहज परत निघत नाही.