कॅलरी मोजण्यासाठी फोटो की वजनकाटा?

ताटाचा फोटो काढून कॅलरींचा अंदाज देणारे ॲप वापरावे की स्वयंपाकघरातील डिजिटल वजनकाट्यावर विसंबावे, हे ठरवताना फोटोची कोणती चूक सुधारता येते आणि कोणती येत नाही, एवढे पाहणे पुरेसे आहे.

ताटाच्या आकाराची चूक सुधारता येते. फोटोत मोजपट्टी नसल्यामुळे ॲप ताटाचा नेहमीचा आकार गृहीत धरते. ताट २५ सेंटिमीटरचे असताना ते २८ सेंटिमीटरचे धरले, तर लांबीतील फरक केवळ १२ टक्के असतो. परंतु लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही त्याच प्रमाणात वाढत असल्याने भाताचे आकारमान सुमारे ४० टक्के जास्त भरते. म्हणजे १५० ग्रॅम शिजलेला भात (साधारण १९५ कॅलरी) २१० ग्रॅम म्हणून वाचला जातो आणि सुमारे ८० कॅलरी फुकटच्या वाढतात. ताटाशेजारी एटीएम कार्ड ठेवले, फोटो तिरका घेतला आणि रोज तेच ताट वापरले, तर ही चूक बरीच आटोक्यात येते. वाटीची खोली मात्र वरून घेतलेल्या फोटोत कळत नाही, म्हणून वाटी एकदा पाण्याने भरून मोजून ठेवावी.

तेलाचे तसे नाही. चौघांसाठी केलेल्या भरल्या वांग्यांत दोन मोठे चमचे तेल घातले काय आणि चार घातले काय, फोटो जवळपास सारखाच येतो, कारण वांगे तेल शोषून घेते आणि उरलेले दाण्याच्या कुटात मुरते. मिसळीवरचा कट निदान दिसतो तरी! १५ मिलिलिटरचा एक मोठा चमचा म्हणजे साडेतेरा ग्रॅम तेल, अर्थात सुमारे १२० कॅलरी. त्यामुळे वरच्या दोन भाज्यांत माणशी ६० कॅलरींचा फरक पडतो आणि त्याचा पत्ता कोणत्याही कॅमेऱ्याला लागत नाही.

काट्यावर हेच काम सोपे आहे. फोडणीपूर्वी तेलाची बरणी ८४२ ग्रॅम आणि नंतर ७९७ ग्रॅम भरली, तर ४५ ग्रॅम तेल, म्हणजे ४०५ कॅलरी, कढईत गेल्या. तयार भाजी ७२० ग्रॅम झाली आणि आपण १८० ग्रॅम वाढून घेतली, तर तेलाचा आपला वाटा सुमारे १०० कॅलरींचा. तळणीच्या वेळी मात्र कढईत उरलेले तेलही तोलून वजा करावे लागते.

म्हणून घरी जेवणाऱ्याने काटाच घ्यावा, असे माझे मत आहे. इडली, उकडलेली अंडी, फळे अशा मोजून खाण्याच्या आणि तेल न लागणाऱ्या पदार्थांना फोटो चालतो. खाणावळीत काटा नेता येत नाही; तिथे फोटोचा आकडा घेऊन प्रत्येक रस्सा-भाजीमागे एक ते दोन मोठे चमचे तेल स्वतः धरावे, आणि ॲपच्या यादीत तो पदार्थ आधीच तेलासह नोंदलेला आहे का, हे पाहूनच ती भर घालावी.