एम८ च्या टॅपला ६.८ चं ड्रिल की ७.० चं?

वाळूजच्या शॉपमध्ये ३०४ स्टेनलेसच्या १२ मिमी जाड प्लेटला एम८ × १.२५ चे आटे पाडायचेत. बाहेरच्या व्यासातून ड्रिल वजा करा आणि पिचच्या १.३ पटीने भागा: ६.८ ला आट्यांची पकड ७४ टक्के येते, ७.० ला ६२.

स्टेनलेसमध्ये ६.८ च्या भोकात टॅप जड जातो, करकरतो. आत तुटला की प्लेट गेलीच म्हणा. ७.० ला तो हलका फिरतो, आणि एवढ्या जाडीत सहसा बोल्टच आधी तुटतो, आटे नाहीत.

मी ७.० च घेईन, पण ड्रॉइंगवर आट्यांची ६एच टॉलरन्स दिली नसेल तरच. ६एच असेल तिथे आतला व्यास ६.९१२ च्या वर चालत नाही. प्लग गेज लगेच पकडतो. मग ६.८ आणि भरपूर कटिंग ऑइल. पातळ पट्टीलाही ६.८ च, तिथे आटेच मोजके बसतात.