घरातला आर.सी.सी. जिना: काही महिने रोज चढ-उतार केल्यानंतर

वास्तुशांत उन्हाळ्यात झाली. मधे अख्खा पावसाळा गेला, दिवाळीत घरभर पाहुणे राहून गेले. आई पंचाहत्तरीची आहे, मुलगी पहिलीत आहे, आणि दोघींचं दिवसभर वर-खाली चालू असतं. जिना बांधताना घेतलेले निर्णय कसे ठरले हे आता खात्रीने सांगता येतं. घर बांधायला काढलेल्यांना उपयोग होईल म्हणून आकड्यांसकट लिहिते आहे.

आमचा साधा डॉग-लेग जिना आहे, म्हणजे एक चढ, मधे लँडिंग आणि उलट दिशेने दुसरा चढ. खालच्या फरशीपासून वरच्या फरशीपर्यंत उंची 3060 मिमी. त्यात 170 मिमीचे 18 राइजर, म्हणजे पायरीच्या उभ्या उंच्या, बसवले, प्रत्येक चढात 9. ट्रेड, म्हणजे पाय ठेवायची आडवी जागा, 270 मिमी, रुंदी 1 मीटर.

ठेकेदाराचं म्हणणं होतं की 16 राइजर पुरे, म्हणजे प्रत्येकी जेमतेम 191 मिमी, आणि ट्रेड 250. तेवढ्याने जिन्याची लांबी 41 सेंमीने कमी होते आणि मागच्या खोलीला जागा मिळते. दोन राइजर अधिक एक ट्रेड यांची बेरीज 600 ते 640 मिमी यावी, हा हिशोब त्यालाही पाठ होता. हे सूत्र 17 व्या शतकातल्या फ्रांस्वा ब्लोंदेल या फ्रेंच वास्तुविशारदाच्या नावावर आहे आणि ते माणसाच्या पावलाच्या टप्प्यावरून काढलेलं आहे. आमची बेरीज 610 येते, त्याची 632. सूत्राला दोन्ही जिने चालतात!

पायांना मात्र दोन्ही सारखेच चालत नाहीत. सूत्र टप्पा मोजतं, पाऊल टेकायला जागा किती हे मोजत नाही. मोठ्या माणसाचं चपलेसकट पाऊल साधारण 27-28 सेंमी भरतं. चढताना टाच बाहेर राहिली तरी निभतं, पण उतरताना चवड्याखाली जागा हवी असते, कारण सगळं वजन तिथे येतं. 250 च्या ट्रेडवर माणसं नकळत पाय तिरका टाकून उतरतात. नणंदेच्या घरी असाच जिना आहे, तिथे आई एकेका पायरीवर दोन्ही पाय आणून उतरते. आमच्याकडे ती कठड्याला नुसता हात लावून सरळ पावलाने उतरते. राष्ट्रीय बांधकाम संहितेत राहत्या घरासाठी राइजर जास्तीत जास्त 190 आणि ट्रेड कमीत कमी 250 असं आहे. ती शेवटची मर्यादा आहे, ती माप म्हणून धरू नका. 41 सेंमी गेल्याचं मला एकदाही वाईट वाटलेलं नाही.

आता न दिसणारा भाग. बहुतेकांना वाटतं की पायऱ्या बाजूच्या भिंतीत रोवलेल्या असतात आणि भिंत त्यांना धरते. आमच्याकडे सेंट्रिंग, म्हणजे काँक्रीटखालचा तात्पुरता आधार, निघालं तेव्हा बाजूची भिंत बांधलेलीसुद्धा नव्हती आणि जिना भक्कम उभा होता. भार पेलतो तो पायऱ्यांच्या खालचा तिरका स्लॅब, ज्याला वेस्ट स्लॅब म्हणतात. आमचा 150 मिमी जाड आहे. तो खालच्या बीमपासून निघून, लँडिंग ओलांडून, पलीकडच्या बीमवर टेकतो. दोन बीममधला गाळा सुमारे 3.3 मीटर. वरचे पायऱ्यांचे त्रिकोण हे नुसतं ओझं असतं, ताकदीत ते धरत नाहीत.

आर.सी.सी. सल्लागारांनी समोर बसून हिशोब करून दाखवला. आडव्या मापाच्या एका चौरस मीटरवर तिरक्या स्लॅबचं वजन सुमारे 440 किलो येतं. उतारामुळे ते सपाट स्लॅबपेक्षा 18 टक्के जास्त भरतं. पायऱ्यांच्या त्रिकोणांचे 200 किलो, ग्रॅनाइट आणि मसाल्याचे 100, आणि माणसांसाठी 300 धरायचे. एकूण साधारण 1040 किलो, त्यात माणसांचा वाटा तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. या भाराने स्लॅब खाली वाकू पाहतो, म्हणजे ताण त्याच्या खालच्या अंगाला येतो. म्हणून मुख्य सळ्या उताराच्या दिशेने आणि तळाशी हव्यात. आमच्या 10 मिमीच्या, 150 मिमी अंतरावर आहेत. रुंदीत आडव्या जातात त्या 8 मिमीच्या सळ्या फक्त भार पसरवायला आणि तडे आवरायला.

खरी गोम चढाच्या वरच्या टोकाला आहे, जिथे तिरका स्लॅब आडव्या लँडिंगला मिळतो. खाली उभं राहून वर बघितलं तर तिथे आत गेलेला कोपरा दिसतो. सळ्या बांधणाऱ्या फिटरला सोपं पडतं म्हणून तो तळाची सळई त्या कोपऱ्यात वाकवून तशीच पुढे लँडिंगच्या तळाला नेतो. पण ताणलेली दोरी जशी सरळ व्हायला बघते तशी ताणातली सळईही बघते, आणि इथे सरळ होणं म्हणजे खाली, काँक्रीटच्या बाहेर येणं. ती कव्हरचं, म्हणजे सळईखालच्या पातळ थराचं, काँक्रीट ढकलून पाडते. म्हणून तिथे सळ्यांची कात्री करतात. चढाची तळाची सळई न वाकता सरळ वर लँडिंगच्या माथ्याकडे जाते आणि तिथे आडवी होते. लँडिंगची तळाची सळई तशीच सरळ चढाच्या वरच्या अंगात घुसते. दोन्ही एकमेकींना ओलांडून सळईच्या जाडीच्या सुमारे 50 पट पुढे जायला हव्यात, म्हणजे 10 मिमीला अर्धा मीटर. चढाच्या खालच्या टोकाला ही भानगड नाही. तिथे वाकलेली सळई काँक्रीटच्या आतच ओढते, म्हणून ती अखंड चालते.

आमच्या फिटरनेही पहिल्यांदा सळई वाकवूनच बांधली होती. सल्लागारांनी ओतकामाच्या आदल्या दिवशी ती सोडायला लावली. तुमच्याकडे तपासायचं असेल तर काँक्रीट पडण्याआधीच बघा. नंतर फक्त खुणा दिसतात: लँडिंगच्या खालच्या कोपऱ्यात जिन्याच्या पूर्ण रुंदीत गेलेला आडवा तडा, किंवा तिथलाच गिलावा पुन्हा पुन्हा फुगणं. अशी खूण दिसली तर पुट्टी न भरता आधी इंजिनिअरला दाखवा. ट्रेड आणि राइजरच्या सांध्यातली केसासारखी रेघ मात्र बहुतेक वेळा गिलाव्याची किंवा फरशीच्या सांध्याची असते. आमच्याकडे कोपरा अजून कोरा आहे, पावसाळ्यानंतर मी टॉर्च लावून बघितला.

दुसरी गोष्ट पायऱ्या एकसारख्या असण्याची. पाय पहिल्या दोन पायऱ्यांत उंची शिकतो आणि पुढे न बघता तीच धरून चालतो, त्यामुळे एखादीच वेगळी पायरी पाडते. ती वेगळी होते फरशीमुळे. समजा काँक्रीटमध्ये सगळे राइजर 170 चे केले, पायरीवर ग्रॅनाइट आणि मसाला मिळून 40 मिमी आला, आणि खोल्यांतल्या फरशीखाली 65. मग सगळ्यात खालचा राइजर 145 उरतो आणि सगळ्यात वरचा 195 होतो. नणंदेच्या घरी वरच्या शेवटच्या पायरीला पाहुणे ठेचकाळतात, त्याचं कारण हेच. आमच्या मिस्त्रीने सेंट्रिंग ठोकण्याआधी भिंतीवर तयार फरशीच्या दोन्ही लेव्हल मारल्या, मधे 18 सारखे भाग पाडले, आणि प्रत्येक रेघेतून 40 मिमी वजा करून काँक्रीटची रेघ काढली. मुद्दाम टेप लावून बघितलं, सगळ्यात मोठ्या आणि लहान राइजरमध्ये 4 मिमीचाच फरक आहे.

तक्रार एकच आहे, ग्रॅनाइटची. पॉलिश केलेली गोल कड दिसायला देखणी, पण पावसाळ्यात ओल्या पावलांनी फार निसरडी झाली. शेवटी कारागिराला बोलावून प्रत्येक ट्रेडच्या कडेपासून दोन बोटं आत तीन-तीन खाचा मारून घेतल्या. बसवलेल्या दगडावर हे काम धुळीचं होतं आणि महागही पडलं. ऑर्डर देतानाच खाचा मागितल्या तर कारखान्यातून स्वच्छ येतात, आणि ट्रेडला किंचित खडबडीत असं लेदर फिनिश घेतलं तर आणखी बरं. कठडा कडेपासून 90 सेंमी उंच आहे, आईला तो बरोबर हाताशी येतो. मुलीसाठी खाली 60 सेंमीवर दुसरा पाइप नंतर जोडून घेतला, आणि तीही आता कठडा धरून उतरते.