स्तंभ की रेषा? चार्ट स्लाइडवर जाण्याआधी अक्ष तपासताना

जनगणनेनुसार महाराष्ट्राची साक्षरता २००१ मध्ये ७६.९ टक्के होती आणि २०११ मध्ये ८२.३ टक्के. एवढे दोनच आकडे घेऊन एक्सेलमध्ये कॉलम चार्ट काढला, तर उभा अक्ष बहुधा ७४ च्या आसपास सुरू होतो. मग पहिल्या स्तंभाची उंची उरते २.९ आणि दुसऱ्याची ८.३. बघणाऱ्याला वाटते, साक्षरता जवळजवळ तिप्पट झाली. प्रत्यक्षात २००१ च्या तुलनेत वाढ आहे सुमारे सात टक्के.

असे होते, कारण सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या आकड्यातला फरक मोठ्या आकड्याच्या १६.६७ टक्क्यांहून कमी असला, की एक्सेल आपणहून अक्षाचा तळ वर उचलते. १९९१ चा ६४.९ हा आकडा सोबत घेतला तर फरक २१ टक्के होतो आणि तळ पुन्हा शून्यावर येतो. म्हणून शेवटच्या क्षणी एखादे वर्ष गाळले तरी अक्ष नव्याने तपासावाच लागतो.

स्तंभच हवे असतील तर शून्याला पर्याय नाही, कारण स्तंभात डोळा लांबी मोजतो. अक्षावर राइट-क्लिक करून Format Axis उघडा आणि Minimum मध्ये 0 स्वतः टाइप करा. तिथे आधीपासून 0 दिसत असला तरी शेजारी Auto लिहिलेले असेल, तर आकडे बदलताच तो हलू शकतो. अक्षावरचे आकडे पुसून टाकलेला तयार चार्ट हाती आला, तर फूटपट्टी लावा: पहिला स्तंभ १० सेंटिमीटर असेल तर दुसरा १०.७ हवा.

रेषेचे तसे नाही. तिथे डोळा चढ बघतो, त्यामुळे अक्ष ६० ते ८५ ठेवणे चालते, फक्त ते आकडे स्लाइडवर ठळक दिसले पाहिजेत. पहिल्या दशकात १२ टक्केबिंदू आणि दुसऱ्यात ५.४, हा मंदावलेला वेग शून्यापासूनच्या स्तंभांत जेमतेम कळतो, रेषेत लगेच कळतो. मात्र चार्ट अरुंद आणि उंच केला की तोच चढ कडा वाटू लागतो. शिवाय दोनच बिंदूंची रेषा काढू नये, तिच्यात वेग बदलल्याचे दिसूच शकत नाही.

तिसरा मार्ग फारसा कुणी वापरत नाही, तो म्हणजे निरक्षरांचे प्रमाण दाखवणे: २३.१ वरून १७.७. इथे शून्यापासूनच्या स्तंभांतही जवळजवळ चौथ्या हिश्श्याची घट स्वच्छ दिसते. पण शीर्षकात ‘सात वर्षे व त्यावरील निरक्षर’ असे लिहायलाच हवे, नाहीतर ऐकणारा ते संपूर्ण लोकसंख्येचे प्रमाण समजेल.

‘किती शिल्लक आहे’ हा मुद्दा असेल तर आम्ही हा तिसरा चार्ट निवडू, वेग सांगायचा असेल तर रेषा. ७६.९ आणि ८२.३ हे दोनच आकडे सांगायचे असतील, तर चार्ट न काढता ते मोठ्या अक्षरांत लिहिणे पुरते.