धपाट्यांचं इंग्रजी कसं करायचं?

माझी भाची दुसरीत आहे. जपानमधल्या तिच्याच वयाच्या पत्रमैत्रिणीला ती मराठीत पत्र लिहिते आणि इंग्रजी मी करते. मागच्या पत्रातला हा तुकडा बघा:

"आमच्या मांजरीचं नाव शेमडी. ती काल धप्पकन माठावर पडली आणि माठ फुटला आणि मग आजी ओरडली आणि मग मीपण ओरडले, उगाच. मग आजीने मला धपाटे दिले. खायचे हं! पाठीवरचे नाही."

हे इंग्रजीत न्यायचे तीन मार्ग मी करून पाहिले. तुमच्याही घरात असं पत्र पडून असेल, तर निवडायला उपयोग होईल.

पहिला मार्ग शब्दाला शब्द. पाच मिनिटांत होतो. 'उगाच'चं होतं 'विदाउट रीझन', आणि आठ वर्षांची पोर एकदम वकिलासारखी बोलायला लागते. 'शेमडी'चं 'स्नॉटी' केलं, तर इंग्रजी नुकतंच शिकणाऱ्या जपानी मुलीला ते कळण्याची शक्यता कमी. आणि धपाटे? शब्दकोशात बघून 'स्लॅप्स' लिहिलंत, तर पत्रातली आजी मारकुटी ठरते.

दुसरा मार्ग शाळेतल्या निबंधाचा: "येस्टर्डे अवर मिस्चिव्हस कॅट ब्रोक अॅन अर्दन पॉट, विच मेड माय ग्रँडमदर व्हेरी अँग्री." व्याकरण चोख, पण भाची यात कुठेच नाही. तिचं ओरडणं गेलं, धपाटे गेले, आणि 'मिस्चिव्हस' तिने तरी कधी ऐकलाय? पहिलं पत्र मी असंच पाठवलं होतं. उत्तरात हवामान आणि आवडता रंग आला. दोष त्या मुलीचा नव्हता, आम्हीच तिला विचारण्यासारखं काही ठेवलं नव्हतं. बक्षिसासाठी किंवा बाईंना दाखवायला पत्र हवं असेल, तर मात्र हाच मार्ग सोपा.

तिसरा मार्ग म्हणजे मुलीला शेजारी बसवून, तिला विचारत विचारत करायचं. बारा ओळींना आम्हाला पाऊण तास लागला, मधे एकदा बिस्किटं. 'उगाच'साठी मी आधी "आय डोन्ट नो व्हाय" लिहिलं होतं. तिला विचारलं, "उगाच म्हणजे काय गं?" ती म्हणाली, "मलापण ओरडावंसं वाटलं." झालं, "आय वाँटेड टू शाउट टू." तिचंच वाक्य, आणि एकही अवघड शब्द नाही.

शेवटी ठरलेलं असं:

"अवर कॅट इज शेमडी. इट मीन्स हर नोज इज ऑलवेज वेट. येस्टर्डे शी फेल ऑन द वॉटर पॉट, धप्प! अँड द पॉट ब्रोक, अँड देन आजी शाउटेड, अँड देन आय शाउटेड, बिकॉज आय वाँटेड टू शाउट टू. देन आजी गेव्ह मी धपाटे. धपाटे इज अ स्पायसी फ्लॅट ब्रेड. इट इज ऑल्सो अ स्लॅप ऑन द बॅक! आय गॉट द ब्रेड."

सोपं इंग्रजी म्हणजे दर चार शब्दांनी पूर्णविराम, असा माझा समज होता. तसं केलं तर 'आणि मग, आणि मग' करत धापा टाकत सांगण्याची गंमत मरते. 'अँड देन'ने जोडलेलं लांब वाक्य नवशिक्यालाही कळतं, अडतं ते 'विच' आणि 'हूज'पाशी. 'धप्प'ही तसाच ठेवला. जपानी भाषेत असे आवाजाचे शब्द भरपूर आहेत: ढग गडगडले की तिथे 'गोरोगोरो', छाती धडधडली की 'दोकीदोकी'. 'थड'पेक्षा तिला 'धप्प' जवळचा वाटेल. धपाट्यांचा विनोद मात्र दोन वाक्यं जास्त घेतो. कोटी फोड करून सांगितली की निम्मी जाते, हे मान्य. पण मुलं स्वतःचे विनोद तसेही समजावून सांगतातच, त्यामुळे इथे ते खपतं. यमकाचं कोडं असतं तर मी गाळून दुसरं मागितलं असतं.

मुद्दाम चुकीची स्पेलिंगं घालून बालिशपणा आणू नका, समोरची मुलगी तीच शिकेल.

माझी निवड तिसरी. वेळच नसेल तर पहिल्या मार्गाने करा, पण मुलाने ज्या शब्दावर जोर दिलाय तेवढे दोन-तीन तरी त्याला विचारा. मग इंग्रजी मजकूर तोंडाने मराठीत उलटा सांगून बघा. मी दुसऱ्या मार्गाचा मसुदा असा सांगितला, तेव्हा भाची म्हणाली, "हे कोणाचं पत्र?" तिसरा सांगताना 'आय गॉट द ब्रेड'ला ती खिदळली. मग तिने तो स्वतःच्या अक्षरात उतरवला, आणि मूळ मराठी कागदही आम्ही त्याच पाकिटात घातला, कारण फुटलेल्या माठाचं चित्र त्याच्या मागे होतं.