शोक आणि नैराश्य : थांबून पाहावे की डॉक्टरांकडे जावे?

वडील गेले त्याला अडीच महिने झाले असताना आमच्या घरात एक प्रश्न उभा राहिला. आईला मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे, की आणखी थोडे थांबून पाहावे? आई दिवसातून दोन-तीन वेळा रडत असे, तिचे जेवण कमी झाले होते आणि संध्याकाळी जिना चढणाऱ्या कुणाच्याही पावलांना ती कान देत असे. मी मात्र रडत नव्हतो. दहाव्या-तेराव्याची व्यवस्था, बँकेतील वारसाची कागदपत्रे आणि नोकरी हे सारे मी सांभाळत होतो, त्यामुळे मुलगा खंबीर आहे, असे सगळ्यांचे मत झाले होते. पुढे निदान झाले ते माझे. आईला कोणत्याही औषधाची गरज पडली नाही. एकाच मृत्यूनंतर एकाच छताखाली या दोन्ही अवस्था मी पाहिल्या, म्हणून त्या शेजारी ठेवून दाखवाव्यात असे वाटते.

आईचे दुःख लाटांसारखे येत असे. सकाळी सवयीने तिने दोन कप काढले की तिला भरून येई, दहा-पंधरा मिनिटे ती ओट्याला टेकून रडे आणि मग डोळे पुसून भाजी निवडायला बसे. लाट कशामुळे आली हे जवळजवळ प्रत्येक वेळी सांगता येई : कप, खुंटीवरची छत्री, ओळखीचा आवाज. दोन लाटांच्या मधल्या वेळेत ती तिची नेहमीची आई असे. साधारण चाळिसाव्या दिवशी शेजारच्या काकू आल्या होत्या. बाबा मंडईत कोथिंबिरीच्या एका जुडीसाठी किती घासाघीस करत, हे त्यांना सांगताना आई मनापासून हसली आणि हसता हसता पुन्हा रडली. त्या वेळी मी शेजारीच बसलो होतो. प्रसंग माझ्याही आठवणीतला होता, विनोदही कळत होता, पण आत काहीच हलले नाही.

माझ्याकडे लाटा नव्हत्याच. सकाळपासून रात्रीपर्यंत एकच सपाट जडपणा असे आणि त्याला बाबांच्या आठवणीचे निमित्तही लागत नसे. क्रिकेट, जुनी गाणी, भाचीचे बोबडे बोलणे, कशातच गोडी राहिली नव्हती आणि पुढे कधी ती परत येईल अशी कल्पनाही करता येत नव्हती. पहाटे साडेतीनला जाग येई आणि पुन्हा झोप लागत नसे; दिवसातला सर्वांत वाईट काळ तोच असे.

दोघांनाही अपराधी वाटत होते, पण त्या अपराधीपणाचा रोख निराळा होता. शेवटच्या आठवड्यात त्यांना हवी असलेली खीर आपण करून दिली नाही, याची खंत आईला होती. ती बाबांशी बांधलेली खंत होती आणि तिला स्वतःला वाईट बाई ठरवत नव्हती. माझीही सुरुवात तिथूनच झाली : छातीत दुखते म्हणाले तेव्हा लगेच का नेले नाही? काही आठवड्यांत मात्र विचार बाबांना सोडून पुढे गेला आणि मी मुलगा म्हणून, नवरा म्हणून, कर्मचारी म्हणून निकामी आहे, येथवर पोहोचला. फ्रॉइडने १९१७ मध्ये हाच भेद मांडला होता : शोकात जग रिकामे होते, विषण्णतेत स्वतःचे ‘मी’पणच रिकामे होते. डॉक्टर आजही हा धागा तपासतात. मरणाच्या विचारांतही तोच फरक दिसतो. ‘मलाही त्यांच्याकडे घेऊन जा’ असे आई देवासमोर म्हणे, तर मी नसलो तर घरच्यांचे ओझे कमी होईल, असे मला वाटू लागले होते. अर्थात यातला कोणताही विचार ठोस बेतापर्यंत गेला, किंवा माणसाने खाणेपिणेच सोडले, तर तुलना करत बसू नये, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास सुरू असतो.

माझा निर्णय ज्या गोष्टीने झाला, ती खरे तर एक त्रासदायक बाब होती. ज्याला त्याला विचारावे, त्याचे उत्तर एकच असे : ‘वर्ष होऊ द्या.’ वर्षश्राद्ध झाले की मन आपोआप सावरते, असे लोक प्रेमाने सांगत, आणि शोकाच्या बाबतीत त्यात बरेच तथ्यही आहे. आईच्या लाटा महिन्यागणिक विरळ होत गेल्या. पण त्या उत्तराने मी आठ आठवडे पहाटे छताकडे पाहत पडून राहिलो, हे मला आजही खटकते. दिनदर्शिकेचा हा मोह वैद्यकशास्त्रालाही होता. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत जवळच्या मृत्यूनंतरचे पहिले दोन महिने नैराश्याचे निदान सहसा करू नये, अशी सूट होती. ती २०१३ मध्ये काढण्यात आली, कारण मृत्यूनंतर आलेले नैराश्य नोकरी जाण्याने किंवा घटस्फोटाने आलेल्या नैराश्यासारखेच वागते आणि त्याच उपचारांना दाद देते. साध्या दुःखालाही रोग म्हटले जाईल, ही तेव्हाच्या टीकाकारांची भीती मला अनाठायी वाटत नाही. म्हणून मृत्यूनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत, धोक्याची चिन्हे नसतील तर, मीही थांबण्याच्याच बाजूने आहे. त्यानंतर मात्र किती महिने झाले हे मोजण्यापेक्षा सलग दोन आठवडे, बहुतेक सारा दिवस, मधली उघडीप न मिळता तीच अवस्था आहे का, हे पाहणे मला अधिक उपयोगी वाटते.

अकराव्या आठवड्यात मी गेलो. भेट पाऊण तासाची होती. झोप, भूक, वजन, दारू, मरणाचे विचार, पूर्वी असे कधी झाले होते का, घरात कुणाला झाले होते का, असे प्रश्न विचारले गेले आणि थायरॉइड, हिमोग्लोबिन व बी-१२ तपासायला सांगितले, कारण त्यांच्या बिघाडानेही असाच थकवा येतो. ओळखीतून मिळालेल्या झोपेच्या गोळ्या मी घेत होतो. त्यांची सवय लागते आणि मूळ आजार तसाच राहतो, असे सांगून डॉक्टरांनी त्या हळूहळू बंद करायला लावल्या. नैराश्याच्या गोळीचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतील आणि बरे वाटल्यावरही ती काही महिने सुरू ठेवावी लागेल, हेही त्यांनी आधीच स्पष्ट केले.

आईविषयीही मी विचारले. मधल्या वेळेत ती खाते, बोलते, हसते, तेव्हा तूर्त सोबत पुरे, असे त्यांचे मत पडले. बाबांची हाक ऐकू आल्याचा भास तिला दोनदा झाला होता. शोकात असे पुष्कळांना होते, हे ऐकून मला हायसे वाटले. सहा महिने उलटूनही ओढ तितकीच तीव्र राहिली, मृत्यू झाला हेच मन स्वीकारेना आणि रोजचे व्यवहार अडून राहिले, तर तो लांबलेला शोक म्हणजे तिसरा प्रकार ठरू शकतो आणि त्यावर गोळ्यांपेक्षा संवादोपचार अधिक कामी येतात, असेही त्यांनी सांगितले. तशी वेळ आली नाही.

दोन्ही अवस्था एकाच माणसात एकत्रही असू शकतात, त्यामुळे माझी वाटणी प्रत्येक घरात इतकी स्वच्छ उतरेल असे मी म्हणणार नाही. तरीही शंका असेल तर एकदा जाऊन यावे, याकडेच माझा कल आहे. ‘हा शोक आहे, थांबा’ हे उत्तर मिळाले, तरी ते तपासून मिळालेले उत्तर असते. गोळ्यांनी बाबांची आठवणही बोथट होईल, अशी मला भीती होती. उपचारांच्या सातव्या आठवड्यात कपाटात त्यांचा चष्मा सापडला, एक दांडी दोऱ्याने बांधलेली. तो हातात घेऊन मी पहिल्यांदा रडलो, वीसेक मिनिटे, आणि मग आईने हाक मारली तेव्हा जेवायला गेलो.