नेट बंद असलेला हरवलेला फोन: आयफोन लवकर सापडेल की अँड्रॉइड?

नवा फोन घेताना कॅमेरा आणि बॅटरी सगळेच बघतात. माझ्या ओळखीत मात्र दोन जणांनी अलीकडे वेगळाच प्रश्न विचारला: फोन हरवला आणि त्यात नेट नसेल, तर कोणता सापडायची शक्यता जास्त? उत्तर फोन कुठे हरवतो यावर अवलंबून आहे, आणि ते कसं हे कळायला आत काय चालतं ते थोडं बघावं लागेल.

दोन्हीकडे मूळ कल्पना एकच आहे. नेट तुटलं की हरवलेला फोन ब्लूटूथवरून एक छोटा संदेश सतत सोडत राहतो. आयफोन साधारण दर दोन सेकंदांनी सोडतो. त्यात तुमचं नाव किंवा नंबर नसतो, फक्त एक सार्वजनिक किल्ली, म्हणजे माहिती कुलूपबंद करायला कुणालाही वापरता येणारा एक लांबलचक आकडा असतो, आणि कोणी तिचा माग काढू नये म्हणून आयफोन ती दर पंधरा मिनिटांनी बदलतो. जवळून जाणाऱ्या एखाद्या अनोळखी माणसाचा फोन हा संदेश ऐकतो, *स्वतःचं* ठिकाण त्या किल्लीने कुलूपबंद करतो आणि कंपनीच्या सर्व्हरवर पाठवतो. त्या माणसाला यातलं काही कळत नाही. हे कुलूप उघडणारी गुप्त किल्ली फक्त तुमच्याकडे असते, त्यामुळे कंपनीलाही ते ठिकाण वाचता येत नाही. ॲपलच्या पद्धतीतली एक गंमत मला फार आवडते: ब्लूटूथच्या अशा छोट्या संदेशात मजकुराला फक्त ३१ बाइट जागा असते आणि किल्लीच २८ बाइटांची असते. संदेशाच्या सुरुवातीच्या आवश्यक माहितीसाठी जागा उरावी म्हणून त्यांनी किल्लीचे पहिले सहा बाइट मजकुराऐवजी संदेशासोबत जाणाऱ्या ब्लूटूथच्या पत्त्यातच बसवले.

म्हणजे नकाशावर जो ठिपका दिसतो तो तुमच्या फोनचा नसतो. तुमचा फोन ज्याने ऐकला, तो त्या क्षणी कुठे होता, हे तो ठिपका सांगतो. ब्लूटूथ मोकळ्या जागेत कित्येक मीटर दूरपर्यंत पोचतो, त्यात ऐकणाऱ्याच्या जीपीएसची चूक मिळते. ठिपका शेजारच्या इमारतीवर पडला म्हणून त्या घराचं दार वाजवू नका.

खरा फरक

ॲपलच्या जाळ्यात आयफोनला आयफोनच ऐकतात, आणि एकाने ऐकलं की पुरे. गूगलच्या जाळ्यात, म्हणजे आता Find Hub नावाने मिळणाऱ्या सोयीत, मूळ सेटिंग वेगळं आहे. फक्त एकाच अँड्रॉइड फोनने तुमचा फोन ऐकला असेल, तर ती नोंद तुम्हाला दाखवली जात नाही. अनेक फोनांच्या नोंदी जमल्यावरच ठिकाण दिसतं. गूगलने हे पाळत ठेवणाऱ्यांना अडवण्यासाठी केलं आहे. एकाच फोनची नोंद मिळत राहिली, तर तो फोन बाळगणारा माणूस कुठे आहे हेही त्यातून कळू शकतं. हेतू मला पटतो, पण फोन हरवलेल्याला त्याची किंमत मोजावी लागते.

समजा, दादर स्टेशनच्या पुलावर फोन पडला. आजूबाजूला शेकडो माणसं, बहुतेकांच्या खिशात अँड्रॉइड. नोंदी लगेच जमतात, आणि इथे अँड्रॉइडला काही कमी पडत नाही. आयफोनवाल्यांची संख्याही पुरेशी असते. गर्दीच्या शहरात मी या मुद्द्यावरून फोन निवडणार नाही.

आता तोच फोन भोर-महाड रस्त्यावर, वरंधा घाटात चहाच्या टपरीजवळ गवतात पडला असं धरा. तासाभरात पाच-सहा गाड्या थांबल्या, एका गाडीत आयफोन, बाकीच्यांकडे अँड्रॉइड. तुमचा फोन आयफोन असेल तर ती एकच गाडी पुरते. घाटात रेंज नसली तरी चालेल, पुढे रेंजमध्ये आल्यावर नोंद वर जाईल आणि तुम्हाला ती उशिरा दिसेल. पण त्या तासाभरात एकही आयफोन आला नाही तर काहीच मिळणार नाही. अँड्रॉइडचं याच्या उलट. ऐकणारे जास्त येतील, पण तेवढ्या नोंदी जमेपर्यंत नकाशा रिकामा राहू शकतो.

हा अडथळा थोडा कमी करता येतो. Find Hub च्या सेटिंगमध्ये `With network in all areas` असा पर्याय आहे. त्याचा अर्थ असा: तुमचा फोन एकटाच ऐकणारा असला तरी त्याची नोंद वापरली जावी. इथे एक बारकावा आहे. तो पर्याय *ऐकणाऱ्याच्या* फोनवर लागू असावा लागतो. तुमच्या एकट्याच्या फोनवर तो बदलून तुमचा हरवलेला फोन आपोआप सापडणार नाही. गावात शेतावर जाणारे तुम्ही चार भावंडं असाल तर चौघांच्याही फोनवर तो निवडा. आणखी एक मर्यादा: गूगल खात्यात ज्याने घराचा पत्ता ठेवला आहे, त्याचा फोन त्या घराजवळून नोंद पाठवत नाही.

बंद झालेला फोन

इथे आयफोन स्पष्टपणे पुढे आहे. आयफोन ११ पासूनचे बहुतेक फोन बंद केले किंवा बॅटरी संपली तरी काही तास ब्लूटूथ संदेश सोडत राहतात. बंद करतानाच्या पडद्यावर `iPhone Findable After Power Off` असं दिसतं, आणि ते थांबवायला पासकोड लागतो. अँड्रॉइडमध्ये पिक्सेल ८ आणि त्यापुढच्या पिक्सेल फोनांत अशी सोय आहे. बाकीच्या बऱ्याच फोनांत मात्र चोराने बटण दाबलं की संदेश संपला. फोन पूर्ण पुसून नव्याने चालू केला तर Find Hub चा संबंधही तुटतो. आयफोनवर खात्याचं कुलूप आणि माग दोन्ही टिकतात.

सॅमसंगचा गॅलक्सी असेल तर त्याचं स्वतःचं वेगळं जाळं आहे, ज्यात फक्त गॅलक्सी फोन ऐकतात. गूगलचं आणि ते दोन्ही एकत्र चालू ठेवता येतात, म्हणून दोन्ही चालू ठेवा.

सिम काढलं किंवा संचार साथीवरून आयएमईआय ब्लॉक केला, तरी ब्लूटूथ संदेशावर परिणाम होत नाही. म्हणून पोलीस तक्रार आणि ब्लॉक करणं नक्की करा, शोधही थांबवू नका.

माझा निर्णय

घाटात, शेतात, एकाकी रस्त्यांवर वारंवार जाणाऱ्याने, आणि चोरीचीच भीती असलेल्याने, बजेट परवडत असेल तर आयफोन घ्यावा. शहरात राहणाऱ्याला अँड्रॉइड पुरेल, पण फोनला स्क्रीन लॉक लावलेला, ब्लूटूथ आणि लोकेशन चालू ठेवलेलं असायलाच हवं. ब्लूटूथ बॅटरी खातं म्हणून बंद ठेवायची सवय असलेल्यांनी ही सोय स्वतःच बंद केलेली असते.

घेतल्यावर एक चाचणी करा. फोनचं वायफाय आणि मोबाइल डेटा बंद करा, ब्लूटूथ चालू ठेवा आणि तो बाजारपेठेतल्या ओळखीच्या दुकानात तासभर ठेवा. मग अँड्रॉइड असेल तर घरच्या कुणाच्या फोनवरून Find Hub मध्ये पाहुणा म्हणून जाऊन बघा, आणि आयफोन असेल तर तुमच्याच ॲपल खात्यावर चालणाऱ्या दुसऱ्या ॲपल उपकरणावर Find My ॲपमध्ये बघा. अँड्रॉइडचं ठिकाण उघडताना हरवलेल्या फोनचाच पिन विचारला जातो, तो घरात दुसऱ्या कुणाला माहीत असू द्या. गूगलचा लॉगिन कोड त्याच हरवलेल्या फोनवर येत असेल तर आताच बॅकअप कोड कागदावर लिहून ठेवा.